एका पोत्याची तीन वजनं: काट्याचा फोटो कसा वाचावा

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून रताळ्याची १४ पोती बेळगावच्या मार्केट यार्डात गेली होती. मालाचे मालक गावीच थांबले होते, गाडीबरोबर त्यांचा पुतण्या होता. अकराच्या सुमाराला त्याने मला तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "सर, बघा की. घरात त्रेपन्न, गावच्या काट्यावर साडेएकावन्नच्या वर, हितं पन्नास. पोतं तेच हाय. खरं कुठलं?"

पोत्याच्या तोंडाला निळी सुतळी आणि कोपऱ्यावर रंगाने मारलेला आकडा, दोन्ही तिन्ही फोटोंत दिसत होते. तेव्हा पोतं एकच होतं, यात शंका नव्हती. आकडे असे: घरी ५३ किलो, गावात ५१.६, यार्डात ५०.६४. घर आणि यार्ड यांत जवळजवळ अडीच किलोंची तूट आहे. सगळ्या पोत्यांना ती धरली तर ३३ किलो माल हवेत गेला, आणि पुतण्याच्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं.

मी आधी आकड्यांकडे न बघता काट्यांकडे बघितलं. फोटोतला काटा ओळखायचा तर त्याचा आकार, रंग किंवा तो टांगलाय की जमिनीवर ठेवलाय, यावरून फसायला होतं. टांगलेला काटा डिजिटल असू शकतो आणि टेबलावरचा स्प्रिंगचा असू शकतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पोतं खाली ओढतंय, तर त्याला तोलून कोण धरतंय? दुसऱ्या बाजूला वजनं किंवा दांडीवर सरकणारा गोळा दिसला तर तो दांडीचा काटा. वजनं कुठेच नाहीत, फक्त तबकडी आणि सुई आहे, तर बहुतेक वेळा आत स्प्रिंग असते. वजनंही नाहीत, सुईही नाही, नुसते आकडे पेटलेत, तर तो डिजिटल.

"बहुतेक वेळा" हे शब्द मुद्दाम घातले आहेत. काही मोठ्या जुन्या मशीनांना पुढे गोल तबकडी असते, पण आत स्प्रिंगऐवजी लंबकासारखी झुलणारी वजनं असतात. नुसत्या पुढच्या फोटोवरून ती ओळखता येत नाहीत. आपल्या गावात मात्र अशी मशीन क्वचितच दिसते. अंगणवाडीत बाळाला झोळीत घालून ज्या गोल काट्याला टांगतात, तो सरळसरळ स्प्रिंगचा. किराणा दुकानातल्या जुन्या काउंटर मशीनवर दोन ताटल्या वर असतात आणि दांडी खाली पेटीत झाकलेली असते. मधे समोरासमोर आलेल्या दोन चोची दिसल्या की तो दांडीचाच काटा समजावा. चोची एका पातळीत आल्या की वजन जुळलं.

पहिला फोटो: घराच्या तुळईला टांगलेला गोल काटा

वर कडी, खाली हूक, मधे वीतभर रुंदीची पांढरी तबकडी, शून्यापासून १०० किलोपर्यंत आकडे. वजन कुठे दिसत नाही, म्हणजे स्प्रिंगचा काटा. पोतं जेवढ्या जोराने खाली ओढतं तेवढी आतली स्प्रिंग ताणते आणि त्या ताणाप्रमाणे सुई फिरते. स्प्रिंगला पोत्यात किती माल आहे हे कळत नाही, तिला फक्त ओढ कळते. तबकडीवर किलो छापलेले असले तरी हा काटा मोजतो ते बल, आणि त्या बलावरून किलो किती ते छापणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

सुई ५३ वर होती. पण त्यात किती भेसळ आहे?

मी पुतण्याला विचारलं, "रिकाम्या काट्याचा फोटो आहे का?" त्याच्याकडे तो सापडला, कारण आदल्या संध्याकाळी काकांनी काटा टांगल्यावर सगळ्यांनाच तो दाखवायची हौस होती. त्या फोटोत हुकाला पोतं बांधायचा जाड दोर लोंबत होता आणि सुई शून्यावर नव्हती. अर्धा आणि एक यांच्या मधे, पाऊण किलोच्या आसपास होती. त्यातलं थोडं दोराचं वजन, थोडं स्प्रिंगचं म्हातारपण. बरीच वर्षं भार घेतलेली स्प्रिंग मोकळी सोडली तरी पूर्ण परत येत नाही. म्हणजे ५३ मधून पाऊण किलो आधीच वजा.

दुसरी गोष्ट फोटोतच होती. तबकडी गोल न दिसता अंड्यासारखी दिसत होती, कारण फोटो समोरून न काढता उजव्या बाजूला उभं राहून काढला होता. सुई तबकडीला चिकटलेली नसते, पुढे थोडी सुटी फिरते. उजवीकडून बघितलं की सुई मागच्या आकड्यांवर डावीकडे सरकलेली दिसते. १०० किलोच्या तबकडीत ५० चा आकडा अगदी तळाशी येतो आणि तिथून पुढचे आकडे डावीकडे चढतात. त्यामुळे पन्नासच्या आसपास उजवीकडून काढलेला फोटो नेहमी जास्त वजन दाखवणार, डावीकडून काढलेला कमी.

किती जास्त, याचा अंदाज बांधता येतो. तबकडीवरचं आकड्यांचं वर्तुळ साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचा घेर सुमारे ६३ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका किलोला ६ मिलिमीटरच्या थोडी वर जागा. सुई आणि तबकडी यांत अर्धा सेंटिमीटर फट असेल आणि आपण ३० अंश बाजूला उभे असू, तर सुई जवळजवळ ३ मिलिमीटर सरकलेली दिसते. तेवढ्यात अर्धा किलो गेला. तळाशी असलेल्या सुईचा फोटो खालून काढला असता तर मात्र एवढा फरक पडला नसता, कारण तेव्हा सुई स्वतःच्याच लांबीच्या दिशेने सरकलेली दिसते.

५३ मधून पाऊण आणि अर्धा काढले की उरतात पावणेबावन्न. त्यातही तबकडीवरच्या खुणा अर्ध्या अर्ध्या किलोच्या. दोन खुणांच्या मधलं वाचन डोळ्याच्या अंदाजावरच चालतं, म्हणून "साडेएकावन्न ते बावन्न" एवढंच या काट्याबद्दल छातीठोक म्हणता येतं. त्यातही रिकाम्या काट्याची चूक भरलेल्या काट्याला जशीच्या तशी लागू पडते, हे मी गृहीत धरलं आहे. स्प्रिंग नुसती लांबली असेल तर ते बरोबर आहे, पण ती सैल झाली असेल तर भार वाढेल तशी चूकही वाढते. त्याचा निकाल ओळखीचा भार टांगूनच लागतो. घरात दुसरं काही नसेल तर मापून २० लिटर पाणी भरलेला डबा टांगावा. पाण्याचे २० किलो, वर रिकाम्या डब्याचं वजन, इतकं सुई दाखवते का ते बघावं.

दुसरा फोटो: गावातला खांबाचा काटा

हा फोटो बघून मला बरं वाटलं, कारण असे काटे आता कमी होत चाललेत. जमिनीलगत लोखंडी फळी, मागे उभा खांब, खांबावर आडवी दांडी. दांडीवर सरकणारा पितळी गोळा, टोकाला लोंबणारी छोटी ताटली आणि तिच्यात एक मूठभर वजन. वजन दिसतंय, तेव्हा हा दांडीचा काटा, जमिनीवर असला तरी.

त्या ताटलीतलं वजन बघून पुतण्याला प्रश्न पडला होता: एवढ्याशा लोखंडाने पन्नास किलोचं पोतं कसं तोलेल? फळीच्या खाली तरफांची साखळी असते. ती पोत्याची ओढ शंभरपट कमी करून दांडीपर्यंत पोचवते. म्हणून ताटलीतलं ५०० ग्रॅमचं वजन ५० किलोच्या बदल्यात चालतं. त्याच्यावर स्वतःचं वजन कोरलेलं नसतं, ते किती किलोच्या जागी आहे तो आकडा आणि १:१०० हे प्रमाण असतं. फोटोत ५० चा आकडा स्वच्छ दिसत होता. उरलेलं काम सरकत्या गोळ्याचं. तो १.६ च्या खाचेत होता. एकूण ५१.६.

इथे आकड्यापेक्षा दांडीचं टोक बघणं महत्त्वाचं. टोकाभोवती एक छोटी चौकट असते. वजन जुळलं असेल तर टोक तिच्या मध्यावर हलकं झुलत राहतं. टोक वर चिकटलं असेल तर पोतं लावलेल्या वजनापेक्षा जड, खाली बसलं असेल तर पोतं हलकं. दोन्ही वेळा खाचेतला आकडा वाचण्यात अर्थ नाही, कारण जुळवणी अर्धवट राहिलेली असते. आपल्या फोटोत टोक मध्यावर होतं. गोळ्याच्या खाचा २०० ग्रॅमच्या, म्हणून ५१.६ च्या इकडेतिकडे शंभर ग्रॅम धरायचे.

हा काटा बाकीच्या दोघांपेक्षा मुळातच वेगळं काम करतो. पोत्याकडची ओढ आणि वजनाकडची ओढ तो समोरासमोर लावतो. पृथ्वी दोघांनाही सारख्याच प्रमाणात ओढते, त्यामुळे ती ओढ हिशोबातून कटून जाते आणि उरते ती वस्तुमानाची तुलना. हाच काटा तशाच वजनांसह दिल्लीला न्या की महाबळेश्वरला, पोतं तेवढंच भरेल. त्याच्या चुका येतात त्या दांडीतून नाहीतर वजनातून. आणि शंभराचं प्रमाण असल्यामुळे त्या शंभरपट होऊन येतात: ताटलीतल्या वजनाचा गंजून एक ग्रॅम झडला की पोत्यात १०० ग्रॅमचा फरक. ताटलीच्या बुडाला सुपारीएवढा चिखल सुकून बसला तरी किलोभराचा घोळ होऊ शकतो. मी फोटो मोठा करून ताटलीचं बूड बघितलं, स्वच्छ होतं.

तिसरा फोटो: यार्डातला डिजिटल

चौकोनी स्टीलची फळी, मागे नळीसारखा खांब, खांबाच्या टोकाला लाल आकड्यांची पेटी. ओळखायला सोपा, वाचायला मात्र तिघांत अवघड.

यार्डात काढलेल्या पहिल्याच फोटोत आकडा अर्धा होता: "५", मग मोकळी जागा, मग ".६४". पुतण्याला वाटलं काटाच बिघडला. तसं नव्हतं. अशा पेटीतले लाल आकडे बऱ्याचदा एका वेळी सगळे पेटत नाहीत. एकामागून एक इतक्या झपाट्याने पेटतात-विझतात की डोळ्याला सगळे एकदम दिसतात. भर उन्हात मोबाइल क्षणाचा अगदी बारीक तुकडा टिपतो आणि त्या तुकड्यात विझलेला आकडा फोटोत गायब होतो. कधी पूर्ण आकडा जातो, कधी त्याची एखादी रेघ, आणि मग आठाचा सहा झालेला दिसतो. लाल आकड्यांच्या काट्याचा एकच फोटो पुरावा म्हणून धरू नये. दोन-तीन काढावेत किंवा चार सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. त्याने काढलेल्या दुसऱ्या फोटोत ५०.६४ पूर्ण होतं.

खांबावरच्या पट्टीवर कमाल २०० किलो, किमान ४०० ग्रॅम आणि e = 20 g असं लिहिलेलं. शेवटचा आकडा सर्वांत कामाचा. हा काटा २० ग्रॅमच्या पायऱ्यांनी चालतो, त्यामुळे त्याच्यावर ५०.६४ किंवा ५०.६६ दिसेल, ५०.६५ कधीच नाही. पडताळणीच्या वेळी या वर्गाच्या काट्याला पन्नास किलोच्या आसपास दीड पायरी, म्हणजे ३० ग्रॅमची चूक माफ असते आणि वापरात त्याच्या दुप्पट. एक किलोची तूट या हिशोबात कुठेच बसत नव्हती.

मग पोत्याकडे बघितलं. ते फळीवर सरळ उभं नव्हतं. हमालाने ते मागे रेलून ठेवलं होतं आणि त्याचं तोंड खांबाला टेकलेलं होतं. काटा मोजतो तो फळीवरचा भार. खांब फळीला जोडलेला नसतो, खालच्या सांगाड्याला जोडलेला असतो. पोत्याचा जेवढा भार खांबाने घेतला तेवढा फळीपर्यंत पोचलाच नाही, आणि पेटीत तो दिसलाही नाही. गोल बुडाचं रताळ्याचं पोतं सरळ उभं राहत नाही, दिवसभर पोती चढवणारा माणूस ते टेकूनच ठेवणार. यात लबाडी शोधायची गरज मला वाटली नाही.

पुतण्याला लगेच फोन केला, पोतं अजून खाली उतरवलं नव्हतं. "खांबापासून सोडव, चारी बाजूंनी बोट फिरेल इतकं मोकळं ठेव, आकडा स्थिर झाला की व्हिडिओ घे." हमालानेच पोतं फळीवर आडवं पाडून दिलं. आकडा आला ५१.५८.

गावच्या दांडीच्या काट्याचे ५१.६ आणि हे ५१.५८. इतकं जुळणं हा थोडा योगायोगच मानतो. रात्रभरात रताळं जरा सुकतं, गाडीत माती झडते, दांडीचा काटा शंभर ग्रॅम इकडेतिकडे होताच. दोनशे ग्रॅमचा फरक राहिला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. घरच्या काट्यातून काढलेले पावणेबावन्नही त्याच पट्ट्यात बसतात. अडत्याने काही न बोलता आधी झालेली पोती पुन्हा चढवायला सांगितली. जी खांबाला टेकली होती त्यांची वजनं वाढली, जी मधोमध बसली होती ती जागच्या जागी राहिली.

डिजिटल नेमकं काय मोजतो

आकडे चमकतात म्हणून हा काटा दांडीच्या काट्यासारखा वस्तुमान मोजतो असा समज आहे, आणि शिकलेल्या लोकांतही तो दिसतो. फळीच्या खाली धातूचा एक ठोकळा असतो. भार आला की तो डोळ्याला न दिसेल इतका वाकतो. त्याच्यावर चिकटवलेल्या पातळ पट्ट्या ताणतात-दबतात, त्यांचा विद्युत रोध किंचित बदलतो आणि त्या बदलाचा आकडा पेटीत येतो. म्हणजे इथेही मोजलं जातं बलच. दिसायला घरचा तबकडीचा आणि गावचा दांडीचा हे जुने काटे एका गटातले वाटतात, डिजिटल नवा. कामाने मात्र डिजिटल हा स्प्रिंगचा भाऊ आहे आणि दांडीचा काटा एकटा पडतो.

हा फरक पुस्तकी नाही. दिल्लीच्या तुलनेत बेळगाव विषुववृत्ताच्या जवळ आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. दोन्ही कारणांनी इथे पृथ्वीची ओढ किंचित कमी पडते, किलोमागे जवळजवळ एक ग्रॅम इतकी. दिल्लीत अचूक जुळवलेला डिजिटल काटा तसाच आणून इथे मांडला तर ५० किलोचं पोतं ५० ग्रॅमने कमी भरेल. काकांच्या तबकडीवर ५० ग्रॅम सुईच्या जाडीत हरवतात. यार्डातल्या काट्यावर त्या अडीच पायऱ्या होतात आणि चक्क दिसतात. म्हणून असा काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवावा लागतो. एकदा जुळवला की त्याचे किलो खरे वस्तुमानाचे, पण त्याच जागेपुरते.

तो जुळवलाय की नाही हे आकड्याच्या फोटोवरून कळत नाही. त्यासाठी पडताळणीच्या शिक्क्याचा वेगळा, जवळून फोटो हवा. शिक्क्यात वर्ष आणि तिमाहीचं अक्षर असतं. डिजिटल काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी, साध्या दांडीच्या तराजूची आणि काउंटर मशीनची २४ महिन्यांनी व्हावी लागते. पुतण्याने पाठवलेल्या फोटोत यार्डातल्या काट्याचा शिक्का चालू वर्षाचा होता. द्रवात हवेचा बुडबुडा असलेली छोटी डबी काही काट्यांवर असते, ती या काट्यावर फळीच्या कोपऱ्यात होती आणि बुडबुडा वर्तुळाच्या आत होता. फळी तिरकी असती तर ओढीचा काही भाग बाजूला गेला असता आणि आकडा पुन्हा कमीच आला असता.

राहिला बारदानाचा हिशोब. अडत्याच्या हिशोबाच्या पट्टीवर पोत्यामागे एक किलो बारदान वजा धरलं होतं. पुतण्याने एक रिकामं पोतं त्याच काट्यावर टाकलं, आकडा ०.८४ आला. ४०० ग्रॅमच्या किमान मर्यादेच्या वर आहे, म्हणून तो वाचायला हरकत नाही. पण इतक्या कमी भाराला २० ग्रॅमची एक पायरी म्हणजेही दोन-अडीच टक्के. मी त्याला सांगितलं, दहा रिकामी पोती एकत्र बांधून ठेव. ती ८.४६ भरली, म्हणजे एक पोतं ८४६ ग्रॅमचं. किलोऐवजी तेवढं वजा धरलं तर १४ पोत्यांत दोन किलोंच्या थोडं वर माल काकांच्या बाजूला येतो. ते धरायचं की नाही हे आता काका आणि अडत्या आपसांत बोलतील.